६१.२५ नेमकं कुठे असतं? एका बीमवरून शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या

तोंडी परीक्षेत माझा एक ठरलेला प्रश्न असतो. समोर विद्यार्थ्याने काढलेली बेंडिंग मोमेंटची आकृती असते, तिच्या माथ्यावर ६१.२५ लिहिलेलं असतं आणि उत्तर बरोबर असतं. मी विचारतो, "हे ६१.२५ खऱ्या बीममध्ये कुठे आहे? साइटवर नेलं तर कशावर बोट ठेवशील?" बहुतेकांचं बोट कागदावरच्या आकृतीच्या माथ्यावर जाऊन थांबतं. गणित येतं, पण आकृती कशाची आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. दोष मुलांचा नाही. आपण पहिल्याच तासाला चिन्हांचे नियम फळ्यावर लिहितो आणि बीम मागे राहतो.

म्हणून इथे एकच बीम घेऊ आणि शेवटपर्यंत तोच धरून ठेवू.

## आपला बीम

घराच्या दोन भिंतींवर टेकलेला ६ मीटर लांबीचा काँक्रीटचा बीम आहे. डावं टोक A, उजवं टोक B. बीम २३० मिलिमीटर रुंद आणि ४५० मिलिमीटर खोल आहे. काँक्रीटचं वजन घनमीटरला २५ किलोन्यूटन धरलं तर त्याचं स्वतःचं वजन मीटरला साधारण २.६ किलोन्यूटन होतं. त्याच्यावर नऊ इंची विटांची १.६ मीटर उंच भिंत आहे. विटकामाचं वजन घनमीटरला २० धरलं तर तिचे मीटरला साधारण ७.४ होतात. दोन्ही मिळून मीटरला १० किलोन्यूटन. हा भार बीमच्या सगळ्या लांबीवर सारखा पसरलेला आहे. यालाच यूडीएल म्हणतात. शिवाय A पासून १ मीटरवर एक आडवा दुय्यम बीम येऊन टेकतो आणि तिथे ३० किलोन्यूटनचा भार देतो. त्या जागेला C म्हणू. हा पॉइंट लोड.

दोन्ही टोकं नुसती टेकलेली आहेत, ती किंचित वळायला मोकळी आहेत. 'सिम्पली सपोर्टेड' म्हणजे एवढंच. खऱ्या इमारतीत हे कितपत खरं असतं ते शेवटाकडे पाहू.

आधी भिंती किती उचलून धरतात, म्हणजे त्यांची रिॲक्शन किती, ते काढायला हवं. A भोवती बीम फिरू नये ही अट घाला. पसरलेला भार एकूण ६० आहे आणि त्याचा मध्य ३ मीटरवर येतो. पॉइंट लोड ३० आहे, १ मीटरवर. B ची रिॲक्शन ६ मीटरवरून हे सगळं तोलते:

RB × ६ = ६० × ३ + ३० × १ = २१०, म्हणून RB = ३५ किलोन्यूटन.

एकूण भार ९०, त्यातून ३५ गेले, म्हणून RA = ५५ किलोन्यूटन. पॉइंट लोड डावीकडे आहे, तेव्हा डावी भिंत जास्त वजन घेणार हे गणिताआधीच कळायला हवं होतं. ताळा करायचा तो असा.

## आता बीम कापून पाहू

A पासून २.५ मीटरवर बीम मनातल्या मनात उभा कापा आणि उजवा तुकडा बाजूला काढून ठेवा. डावा तुकडा अधांतरी राहिला. त्याला A ची भिंत ५५ ने वर ढकलते आहे. खाली ओढणारे भार मोजा: पॉइंट लोड ३० आणि अडीच मीटरवरचा यूडीएल २५. झाले ५५. वर ५५, खाली ५५. म्हणजे हा तुकडा खाली पडणार नाही. पण तो आहे तिथे स्थिर राहील का?

नाही. वर ढकलणारी भिंत डाव्या टोकाला आहे आणि भार तिच्या उजवीकडे आहेत, त्यामुळे तुकडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गिरकी घेणार. कापण्याआधी तो गिरकी घेत नव्हता. का? कारण उजवा तुकडा त्याला कापाच्या तोंडाशी धरून होता. ती पकड किती जोराची होती ते मोजता येतं:

M = ५५ × २.५ − ३० × १.५ − २५ × १.२५ = १३७.५ − ४५ − ३१.२५ = ६१.२५ किलोन्यूटन-मीटर

हेच ते ६१.२५. एखाद्या कापाशी एक तुकडा दुसऱ्याला फिरण्यापासून थांबवतो, त्या आवळून धरण्याला बेंडिंग मोमेंट म्हणतात. आणि एक तुकडा दुसऱ्याला वर किंवा खाली सरकण्यापासून थांबवतो, त्या धरण्याला शिअर फोर्स. २.५ मीटरवर नेमका शिअर फोर्स शून्य निघाला, कारण तिथे ५५ ला ५५ भिडले. हा योगायोग नाही, त्याच्याकडे परत येऊ.

दोन्हींतला फरक हातांनी अनुभवता येतो. अडकित्त्यात सुपारी धरून दाबली की सुपारीचा एक भाग खाली सरकतो, दुसरा जागेवर राहतो आणि मधून काप पडतो. सुपारी वाकत नाही, कातरली जाते. हे शिअरचं काम. आता उसाचं कांडं दोन्ही हातांनी धरा आणि गुडघ्यावर मोडा. गुडघ्याच्या बाजूची साल चेपते, पलीकडची ताणून फाटते आणि पांढरे धागे बाहेर येतात. हे बेंडिंगचं काम. आपल्या बीममध्ये भार वरून आहे, म्हणून वरचं काँक्रीट चेपतं आणि खालचा भाग ताणला जातो. काँक्रीटला ताण सोसत नाही. त्यासाठीच मुख्य सळ्या तळाला असतात.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. २.५ मीटरवरच्या कापात वरच्या काँक्रीटचं चेपणं आणि खालच्या सळ्यांचं ताणणं ही जोडी मिळून ६१.२५ तयार करते. त्या दोघांतलं उभं अंतर या बीममध्ये साधारण ०.३५ मीटर धरलं, तर सळ्यांमधला ताण ६१.२५ ÷ ०.३५ = १७५ किलोन्यूटन. म्हणजे जवळजवळ १८ टन वजन टांगल्यावर जेवढी ओढ बसेल तेवढी त्या दोन-तीन सळ्यांना मिळून बसते. बोट तिथे ठेवायचं.

## शिअर फोर्सची आकृती म्हणजे पासबुक

काप एका जागी घेतला तर एक आकडा मिळतो. तोच काप A पासून B पर्यंत सरकवत नेला आणि प्रत्येक जागचा आकडा मांडला की आकृती तयार होते. याहून वेगळं काही त्यात नाही.

शिअर फोर्सची आकृती काढताना बँकेचं पासबुक डोळ्यांसमोर आणा. रिॲक्शन म्हणजे जमा, भार म्हणजे खर्च आणि शिल्लक म्हणजे शिअर फोर्स. A ला ५५ जमा झाले. पुढे प्रत्येक मीटरला १० खर्च होत जातात, म्हणून रेषा एकसारखी उतरते. C ला पोचेपर्यंत शिल्लक ४५. तिथे एकदम ३० खर्च होतात आणि शिल्लक १५ वर येते. पुन्हा मीटरला १० खर्च. म्हणजे १५ संपायला दीड मीटर लागेल आणि A पासून २.५ मीटरवर शिल्लक शून्य होईल. त्यापुढे उधारी सुरू होते. B च्या अगदी अलीकडे उधारी ३५ ची असते आणि B ची रिॲक्शन ३५ जमा करून खातं बंद करते.

खातं शून्यावर बंद झालं नाही तर पुढे जाऊ नका. एक तर रिॲक्शन चुकली आहे, किंवा एखादा भार विसरला आहे.

C ला दोन आकडे कसे, असं वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतं. एका जागी शिअर फोर्स ४५ पण आणि १५ पण? प्रश्न रास्त आहे. दुय्यम बीमला स्वतःची रुंदी असते, समजा २३० मिलिमीटर. त्याचा भार खरं तर तेवढ्या लांबीवर उतरतो, त्यामुळे खरी रेषा त्या २३० मिलिमीटरमध्ये तीव्र उताराने ४५ कडून १५ कडे येते. आपण भार एका बिंदूत कोंबतो म्हणून उतार उभा होतो. म्हणून 'C वरचा शिअर फोर्स' असं न म्हणता 'C च्या किंचित डावीकडचा' आणि 'किंचित उजवीकडचा' असं म्हणायचं.

## मोमेंटची आकृती त्याच पासबुकातून निघते

बचत खात्यावर व्याज लावताना बँक रोजची शिल्लक बघते आणि शिल्लक गुणिले दिवस अशी बेरीज करत जाते. बेंडिंग मोमेंट ही तशीच बेरीज आहे, फक्त दिवसांच्या जागी मीटर. शिअर फोर्सच्या आकृतीखालचं क्षेत्रफळ डावीकडून मोजत या, त्या त्या जागचा मोमेंट मिळतो.

A ते C हा समलंब चौकोन आहे: (५५ + ४५) ÷ २ × १ = ५०. म्हणून C वरचा मोमेंट ५०. तिथून २.५ मीटरपर्यंत त्रिकोण आहे: ½ × १५ × १.५ = ११.२५. बेरीज ६१.२५. आपण कापून काढलेला आकडा पुन्हा मिळाला. पुढे शिल्लक उणे आहे, म्हणून बेरीज कमी होऊ लागते. उरलेला त्रिकोण ½ × ३५ × ३.५ = ६१.२५ आहे, तो वजा केला की B ला बरोबर शून्य. टेकलेलं टोक मोकळं वळतं, तिथे पकड नसते, म्हणून मोमेंट शून्यच यायला हवा.

मघाचा योगायोग इथे सुटतो. शिल्लक जमेत आहे तोवर बेरीज वाढते आणि उधारी लागताच घटते. म्हणजे सगळ्यात मोठी बेरीज शिल्लक शून्य होते त्याच जागी असणार. शिअर फोर्स शून्य तिथे मोमेंट कमाल, हा नियम पाठ करण्याची गरज उरत नाही.

आपल्या बीममध्ये ती जागा मध्यभागी नाही, पॉइंट लोडखालीही नाही. मध्यभागी, ३ मीटरवर, मोमेंट ६० आहे. भाराखाली ५०. कमाल या दोघांच्या मधे, २.५ मीटरवर. इथे मध्यभागाचा आकडा जवळचा आला, पण पॉइंट लोड मोठा आणि टोकाकडे असेल तर तो तसा येत नाही.

एक मर्यादा लक्षात असू द्या. क्षेत्रफळाची ही पद्धत बीमवर फक्त वर-खाली भार असतील तेव्हाच सरळ चालते. बीमच्या बाजूला ब्रॅकेट असेल आणि तो बीमला पीळ न देता त्याच्याच उभ्या पातळीत नुसता फिरवत असेल, तर पासबुकात काही नोंद होत नाही, पण मोमेंटची आकृती तिथे एकदम उडी घेते. ती उडी हाताने घालावी लागते.

## आकृतीचा फुगवटा कुठल्या बाजूला?

आकडे बरोबर आणि रेषा चुकीची, हे उत्तरपत्रिकांत फार दिसतं. ०, ५०, ६१.२५, ० हे चार बिंदू मांडले जातात आणि मधे झोका टांगल्यासारखी खाली झुकलेली रेषा काढली जाते. शिअर फोर्स म्हणजे मोमेंटच्या रेषेचा चढ, एवढं धरलं की ही चूक होत नाही. A पासून निघताना चढ ५५ चा, सगळ्यात खडा. C पर्यंत तो ४५ वर येतो. C ओलांडताच एकदम १५. म्हणून C ला मोमेंटची रेषा तुटत नाही, पण तिथे कोपरा दिसतो. पुढे चढ कमी होत २.५ मीटरवर रेषा सपाट होते आणि मग उतार वाढत वाढत B ला ३५ होतो. चढ सतत घटतो आहे, तेव्हा रेषा टेकडीसारखी वर फुगलेलीच असणार. मधले आकडे काढून बघा: २ मीटरवर ६०, ४ वर ५०, ५ वर ३०.

चिन्हांचा गोंधळ इथेच मिटवू. बीम खाली झुकतो तेव्हाचा मोमेंट अधिक, हा रिवाज आहे. त्याच्या उलट, माथा ताणला जाणारा मोमेंट उणे. डिझाइन ऑफिसात बरेच जण आकृती बीमच्या ताणल्या जाणाऱ्या बाजूला काढतात, कारण मग आकृती जिथे तिथेच सळ्या. पुस्तकातली टेकडी त्यांच्या कागदावर खाली लोंबलेली दिसते. दोन्ही बरोबर, फक्त एका कागदावर एकच रिवाज ठेवा. आणि काप घेतल्यावर उजवा तुकडा मोजला तरी आकडा बदलत नाही: ३५ × ३.५ − ३५ × १.७५ = ६१.२५. पेपरात वेळ असेल तर हा ताळा जरूर करा.

## "पण सर, सूत्र आहे ना?"

आहे. यूडीएलला wL²/8, म्हणजे १० × ३६ ÷ ८ = ४५. पॉइंट लोडला Wab/L, म्हणजे ३० × १ × ५ ÷ ६ = २५. बेरीज ७०. मग ६१.२५ कसे?

दोन्ही आकडे खरे आहेत, पण एका जागचे नाहीत. ४५ मध्यभागी आहे, २५ पॉइंट लोडखाली. पुण्याचा आणि नागपूरचा पाऊस बेरजेत घेऊन एका गावाचा पाऊस सांगता येत नाही, तसंच हे. बेरीज करायची तर एकाच कापावर करा. २.५ मीटरवर एकट्या यूडीएलचा मोमेंट ४३.७५ आहे आणि एकट्या पॉइंट लोडचा १७.५. मिळून ६१.२५. इथे ७० धरल्याने बीम पडणार नाही, थोडं जास्त लोखंड जाईल. पण आकृती काढायला सांगितली असेल तर हे उत्तर नव्हे.

दुसरी चूक जास्त महाग आहे. रिॲक्शन काढताना आपण यूडीएल ६० किलोन्यूटनचा एकच भार समजून मध्यभागी ठेवला होता. ते चाललं, कारण तेव्हा अख्खा बीम हातात होता. काही जण तोच भार तसाच ठेवून आकृती काढायला बसतात. मग मध्यभागी मोमेंट येतो ५५ × ३ − ३० × २ = १०५. खरा आकडा ६०. नियम सोपा आहे: आधी कापा, मग कापाच्या एका बाजूला जेवढा यूडीएल उरला तेवढाच गोळा करा. अशी चूक झाल्याचं आकृतीवरूनच कळतं. यूडीएल असलेल्या बीमची शिअरची रेषा आडवी सपाट दिसली किंवा मोमेंट नुसत्या सरळ रेषांनी बनला, की यूडीएल कुठेतरी गोळा झालेला आहे असं समजा.

## साइटवर या आकृत्या कुठे दिसतात?

सेंट्रिंगवर सळ्या बांधून झाल्या की भरणीच्या आधी बीममध्ये डोकावून बघा. मुख्य सळ्यांभोवती आठ मिलिमीटरच्या रिंगा बांधलेल्या असतात. टोकाकडे त्या दाट असतात, मधे विरळ होतात. फिटर त्या मोजून लावतो आणि खडूने खुणा करतो. ती खडूची खूण म्हणजे शिअर फोर्सची आकृती. शिअर जिथे मोठा तिथे बीमला तिरप्या भेगा जातात, आधाराच्या जवळ, साधारण ४५ अंशांच्या. उभ्या रिंगा त्या भेगा शिवून धरतात. मोमेंटच्या भेगा वेगळ्या: मधल्या भागात, तळापासून निघून सरळ वर चढणाऱ्या. जुन्या बीमवरची भेग तिरपी आहे की उभी आणि आधारापासून किती लांब आहे, यावरून कुठली आकृती कमी पडली याचा पहिला अंदाज बांधता येतो.

आपल्या बीममध्ये डाव्या टोकाला A ते C या मीटरभर लांबीत शिअर ५५ ते ४५ आहे, आणि C ओलांडताच १५. उजवीकडे तो B च्या अलीकडे ३५ आहे आणि आत येताना घटत जातो. म्हणजे दाट रिंगांचा पट्टा डावीकडे पूर्ण C पर्यंत आणि थोडा पलीकडे हवा. मधेही रिंगा नुसत्या सोडून देता येत नाहीत. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय संहितेप्रमाणे उभ्या रिंगांमधलं अंतर बीमच्या प्रभावी खोलीच्या, म्हणजे माथ्यापासून तळाच्या सळ्यांच्या मध्यापर्यंतच्या खोलीच्या, पाऊणपट किंवा ३०० मिलिमीटर, यांतलं जे कमी असेल त्याहून जास्त ठेवता येत नाही. सळ्यांचंही तसंच. टोकाला मोमेंट शून्य आहे म्हणून सगळ्या सळ्या मधेच तोडता येत नाहीत. त्याच संहितेप्रमाणे तळाच्या किमान एक तृतीयांश सळ्या आधाराच्या आत जायला हव्यात.

टोकं 'नुसती टेकलेली' हा आपला आरंभीचा समज इथे तपासावा लागतो. बीम कॉलमबरोबर एकसंध ओतला असेल तर टोक मोकळं वळत नाही, कॉलम त्याला धरतो. मग टोकाला मोमेंट शून्य न राहता उणे होतो, बीमचा माथा ताणला जातो आणि तिथे वरच्या बाजूला सळ्या लागतात. आपली आकृती भिंतीवर टेकलेल्या बीमची आहे. आरसीसी चौकटीतल्या बीमला ती जशीच्या तशी लावली तर आधाराशी माथ्यावर भेगा दिसतील.

आणि एक गोष्ट नकाशा हातात घेतल्यावर बघा. जिन्याच्या दोन्ही बाजूंचे फ्लॅट पुष्कळदा एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. एका फ्लॅटमध्ये दुय्यम बीम डावीकडून १ मीटरवर टेकतो, तर शेजारच्यात उजवीकडून. तिथे ५५ ची रिॲक्शन उजव्या टोकाला जाते आणि दाट रिंगांचा मीटरभराचा पट्टाही तिकडेच जायला हवा. बीमचा क्रमांक दोन्हीकडे एकच असतो, सळ्यांच्या तक्त्यातली ओळ एकच असते आणि फिटरने पहिल्या फ्लॅटसारखाच पिंजरा बांधलेला असतो. भरणीच्या आधी दुय्यम बीम कुठल्या टोकाजवळ येतो ते स्वतः बघा आणि रिंगा त्याच टोकाकडून मोजायला सुरुवात करा.